नळाच्या स्पिंडलचा फोटो दुकानात पाठवायचाय? आधी पाणी थांबवा, मग असा काढा

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं आणि व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. खाली एक शब्द नाही. साखळीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे, असे फोटो रोज येतात, पण हा फारच धूसर होता. एवढंच कळत होतं की पितळेचं काहीतरी आहे, एका टोकाला पांढरट ठिपका आहे आणि मागे फरशीवर पाणी साचलंय. पितळ आणि टोकाला पांढरं म्हणजे अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळाचा सिरॅमिक स्पिंडल, म्हणजे हँडलखालचा पाणी सोडणारा-थांबवणारा भाग, तेवढं ओळखलं. पण मला काळजी त्या फरशीवरच्या पाण्याची वाटली, म्हणून टाइप करत न बसता सरळ फोन लावला.

आठवी-नववीतली मुलगी बोलली. "काका, आजीने नळ खोललाय, पाणी थांबत नाही, आजी फडकं दाबून बसलीय!" टाकीखालचा वॉल्व गंजून घट्ट बसलेला, फिरतच नव्हता. मेसेज लिहायला हात मोकळा कुणाचा असणार.

म्हणून पहिली पायरी हीच, पाणी थांबवा. वॉल्व फिरत नसेल तर त्याच्याशी झटापट करू नका, जुना वॉल्व जोर लावला की मोडतो आणि मग टाकी रिकामी होईपर्यंत बघत बसावं लागतं. काढलेला स्पिंडलच परत नळात बसवा. तो खराब असला तरी थेंब थेंबच गळेल, धार तरी थांबेल. मी मुलीला म्हटलं, "बाय, तोच परत घाल, आधी हाताने फिरव, मग पान्याने हलकेच आवळ." पाच मिनिटांनी आजीचा आवाज आला, "थांबलं रे बाबा." मग टाकीचं पाणी बादल्यांत भरून संपवा म्हटलं आणि त्यानंतर स्पिंडल सावकाश काढून फोटो घ्यायला सांगितला.

आता फोटो. आधी लेन्स सुक्या कपड्याने पुसा, ओल्या हाताने धरलेल्या फोनचा निम्मा धूसरपणा तिथेच जातो. दुसरं म्हणजे पार्ट अगदी फोनजवळ नेऊ नका. चार बोटांवर नेला की बऱ्याच फोनचा कॅमेरा फोकसच घेत नाही, साधारण दीड वीत लांब धरा आणि नंतर हवं तर कापून मोठा करा. स्पिंडल दारातल्या उजेडात साध्या कागदावर आडवा ठेवा आणि बरोबर वरून फोटो काढा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. एक रुपयाचं नको, कारण ते वेगवेगळ्या वर्षांचं 25, 22 नाहीतर 20 मिमीचं निघतं, दहाचं मात्र 27 मिमीचंच असतं, त्यावरून मला लांबीचा अंदाज येतो.

दुसरा फोटो हँडल बसतं त्या टोकाचा, समोरून. तिथे बारीक दाते असतात. एका दात्यावर पेनाने खूण करा आणि तिथून मोजत या. माझ्याकडे वीस आणि चोवीस दात्यांचे जास्त खपतात, नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात, पण चुकीचा नेला तर हँडल चढतच नाही किंवा नुसतंच गरगर फिरतं.

तिसरी गोष्ट आट्यांची, इथे जवळजवळ सगळेच फसतात. मुलीने पट्टीने मोजलं आणि विचारलं, "काका, 21 मिमी भरतं, म्हणजे पाऊण इंची ना?" नाही. अर्धा इंच हे पाइपाचं नाव आहे, त्याचे आटे बाहेरून मोजले की जवळपास 21 मिमीच भरतात. पाऊण इंचीचे 26 च्या वर जातात. तेव्हा इंच सांगू नका, मिमीच सांगा, बाकीचं दुकानदार बघेल.

तिचे दोन्ही फोटो स्वच्छ आले, वीस दाते, अर्धा इंची. तिचा मामा माटोळीचं सामान घ्यायला बाजारात आला होताच, तोच जुना स्पिंडल घेऊन दुकानात आला. (शक्य असेल तर जुना आणाच, शेजारी शेजारी उभे धरले की उंचीतला दोन-तीन मिमीचा फरकसुद्धा दिसतो.)

बसवायच्या आधी मोकळ्या नळाखाली बादली धरून थोडं पाणी सोडा, गाळ निघून जाईल. स्पिंडलच्या तळाची रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघा, ती नसेल तर नवा स्पिंडलही गळेल. मामासमोर मी जुन्याची पांढरी चकती बल्बखाली धरली, तिच्यावर केसासारखी एक रेघ होती आणि रेघेच्या टोकाला वाळूचा कण अजून अडकलेला होता.