झिरो पॅडिंग करून बघा, पण रिझोल्यूशन वाढलं असं समजू नका

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी एक घोळ घातला होता. आवाजाचा 0.1 सेकंदाचा तुकडा घेतला, शेवटी भरपूर शून्यं चिकटवली, म्हणजेच झिरो पॅडिंग केलं, मग कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे ते सांगणारा एफएफटी काढला आणि रिपोर्टात ठोकून दिलं की माझं फ्रिक्वेन्सी रिझोल्यूशन 0.5 हर्ट्झ आहे. सरांनी एवढंच विचारलं, "शून्यांमधून माहिती कुठून आली रे?" मी गप्प. म्हणून हा प्रयोग एकदा स्वतः करून बघा, पायथन, नमपाय आणि प्लॉटसाठी मॅटप्लॉटलिब असलं की बास, दहा मिनिटांचं काम आहे.

आधी केस ठरवू. हार्मोनियमच्या एकाच पट्टीखाली दोन रीड आहेत, एक 220 हर्ट्झवर वाजतेय आणि दुसरी जरा उतरायची राहून 223 वर. दोन्ही एकत्र वाजल्या की आवाज सेकंदाला तीनदा फुगतो-बसतो, ट्यूनिंग करणारे त्याला बीट्स म्हणतात आणि त्यावरूनच रीड जुळवतात. आपल्याला स्पेक्ट्रममध्ये ही दोन शिखरं वेगवेगळी दिसायला हवीत. खऱ्या रीडमध्ये वरचे हार्मोनिकही असतात, ते आपण सोडून देऊ, नुसत्या दोन साइन वेव्ह घेऊ.

पहिली पायरी: छोटा तुकडा, शून्यांशिवाय आणि शून्यांसकट

```python
import numpy as np
fs = 8000
def sur(T):
    t = np.arange(int(fs*T))/fs
    return np.sin(2*np.pi*220*t) + np.sin(2*np.pi*223*t)

x = sur(0.1)                       # 800 सॅम्पल
A = np.abs(np.fft.rfft(x))         # बिन 10 Hz वर
B = np.abs(np.fft.rfft(x, 16000))  # बिन 0.5 Hz वर
print(np.argmax(A)*10, np.argmax(B)*0.5)
print(np.allclose(A, B[::20]))
```

`rfft` ला दुसरा आकडा दिला की तो मागे शून्यं स्वतःच लावतो, वेगळं काही करायला नको. आता A आणि B दोन्ही प्लॉट करा. A मध्ये बिन, म्हणजे एफएफटी ज्या फ्रिक्वेन्सींवर आकडा देतो ती टिंबं, दर 10 हर्ट्झला आहेत त्यामुळे 220 वर एक उंच काठी आणि आजूबाजूला काही लहान काठ्या, एवढंच दिसतं. B मध्ये मात्र एकदम गुळगुळीत, सुंदर वक्र येतो आणि इथेच माणूस फसतो, कारण वक्र कितीही देखणा असला तरी मुख्य टेकाड एकच आहे, आणि त्याचा माथा 221.5 च्या आसपास, म्हणजे जिथे कुठलीच रीड वाजत नाहीये तिथे! बिन अर्ध्या हर्ट्झवर आले तरी तीन हर्ट्झ लांबचे दोन सूर सुटे झाले नाहीत.

शेवटची ओळ `True` छापते, तिच्याकडे नीट बघा. B मधला दर विसावा बिन म्हणजे अक्षरशः A मधला बिन, तोच आकडा. शून्यांनी जुनी एकही किंमत बदलली नाही, फक्त दोन जुन्या बिनांच्या मध्ये 19 नवे बिंदू भरले, आणि तेही त्याच 800 सॅम्पलवरून काढलेले. 800 सॅम्पलच्या तुकड्याचा एक अखंड वक्र आधीपासूनच असतो, एफएफटी त्यावर ठरावीक अंतराने टिंबं मारतो, शून्यं लावली की टिंबं दाट होतात, वक्र तोच राहतो. ताकात पाणी ओतलं की ताक वाढतं, लोणी नाही.

दुसरी पायरी: तुकडाच लांब घ्या

आता `x = sur(1.0)` करा आणि तोच 16000 चा एफएफटी काढा. बिन पुन्हा अर्ध्या हर्ट्झवरच आहेत, आकडा बदललेला नाही, पण आता 220 आणि 223 पाशी दोन स्वतंत्र शिखरं उभी राहतात आणि मध्ये खोल दरी पडते. दोन्ही वेळा बिन सारखेच, फरक पडला तो फक्त किती वेळ ऐकलं याचा.

कारण बीट्समध्येच आहे. सेकंदाला तीन बीट म्हणजे एक पूर्ण बीट व्हायला साधारण 0.33 सेकंद लागतात, आणि आपण ऐकलं 0.1 सेकंद, म्हणजे एक बीटसुद्धा पुरा झाला नव्हता. मग सूर एक आहे की दोन हे सांगायचं कशाच्या जोरावर? ढोबळ हिशोब असा की दोन सुरांत जितक्या हर्ट्झचं अंतर, 1 भागिले तेवढे सेकंद तरी खरं रेकॉर्डिंग हवं, आणि तुकड्याच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणणारी हॅन विंडो लावणार असाल तर साधारण दुप्पट धरा, कारण ती बाजूच्या फ्रिक्वेन्सींत होणारी गळती कमी करते पण टेकाड रुंद करते.

एक गंमत सांगतो, सावध राहा. तुकडा या मर्यादेपेक्षा लहान असताना दोन्ही सूर तुकड्याच्या मध्यावर नेमके उलट फेजमध्ये सापडले तर एका टेकाडाची दोन झालेली दिसतात आणि वाटतं जमलं की. पण ती दोन शिखरं चुकीच्या जागी असतात. तपासायचं असेल तर तुकड्याची सुरुवात थोडी पुढे सरकवून बघा, शिखरं हलली किंवा गायब झाली तर भरवसा ठेवू नका.

मग शून्यं लावायचीच कशाला?

लावायची, पण वेगळ्या कामासाठी. समजा एकच रीड वाजतेय, 223 वर, आणि तुकडा तोच 0.1 सेकंदाचा. शून्यांशिवाय सगळ्यात उंच काठी 220 वर येईल आणि तिची उंचीही खऱ्यापेक्षा सुमारे 14 टक्के कमी, कारण माथा दोन बिनांच्या मध्ये पडलाय. शून्यं लावली की माथा 223 पाशी सापडतो आणि उंचीही नीट मिळते. म्हणजे सूर एकच आहे हे माहीत असेल तर त्याची जागा बारकाईने शोधायला झिरो पॅडिंग झकास, पण दोन सूर सुटे करायला काही कामाचं नाही.

करताना तीन गोष्टी हमखास चुकतात. विंडो लावायची ती खऱ्या 800 सॅम्पलवर आणि मग शून्यं, उलट केलं तर विंडोचा फक्त सुरुवातीचा चढ तुमच्या सिग्नलवर पडतो आणि सगळं बिघडतं. सिग्नलला डीसी ऑफसेट असेल, म्हणजे त्याची सरासरी शून्य नसेल, तर ती सरासरी आधीच वजा करा, नाहीतर शून्यं सुरू होतात तिथे पायरी तयार होते आणि शून्य हर्ट्झपासूनच्या लाटा वरपर्यंत पसरतात. आणि उंची काढताना 800 नेच भागा, 16000 ने नको.

सगळ्यात जास्त फसवतात त्या बाजूच्या छोट्या टेकड्या. विंडो लावली नसेल तर 223 च्या एकट्या सुराभोवती 209 आणि 237 च्या आसपास टेकड्या दिसतात, मुख्य शिखराच्या जवळपास पाचव्या हिश्शाच्या. पॅडिंगआधी त्या अशा रेखीव दिसतच नव्हत्या म्हणून लोकांना वाटतं की लपलेले सूर सापडले! ओळखायचं सोपं आहे, तुकडा 0.1 ऐवजी 0.15 सेकंदाचा घ्या, टेकड्या मुख्य शिखराकडे सरकल्या तर त्या तुकडा कापल्यामुळे आलेल्या, खरा सूर जागचा हलत नाही.

रेकॉर्डिंग लांबवता येत नसेल, रीड काढून टाकलीय आणि हातात तेवढाच तुकडा उरलाय, तर मग सूर दोनच आहेत असं आधीच गृहीत धरून दोन साइन वेव्हचं फिटिंग करता येतं, आणि आवाजात गोंगाट कमी असेल तर उत्तरही बरं येतं. पण ती जादा माहिती तुम्ही स्वतःच्या खिशातून घातलेली असते, रिपोर्टात तसं लिहा, नाहीतर सर विचारणारच.