शंभर टक्क्यांच्या वरचा आकडा वाचण्याआधी

यूट्यूबवरच्या अगदी छोट्या शॉर्टचा निकाल लावायला बसण्याआधी त्याची नेमकी लांबी सेकंदांत लिहून ठेवा. बाकीचं नंतर. यूट्यूब स्टुडिओतलं Average percentage viewed म्हणजे सरासरी पाहिलेला वेळ भागिले व्हिडिओची लांबी. शॉर्ट संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो आणि दुसऱ्या फेरीतले सेकंदही बेरजेत येतात, म्हणून हा आकडा १०० ओलांडतो. ७ सेकंदांच्या व्हिडिओला १३०% म्हणजे जेमतेम ९.१ सेकंद. ३० सेकंदांच्या व्हिडिओला ८५% म्हणजे २५.५ सेकंद. टक्के बघून दुसरा पडला असं ठरवू नका. तुलना साधारण सारख्या लांबीच्या व्हिडिओंमध्येच करा, म्हणजे ६ ते ९ सेकंदांचे एका गटात, २५ ते ३५ चे दुसऱ्या गटात. कितीही घाई असली तरी टक्क्यांशेजारी लांबी लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग सरासरीच्या पोटात शिरा. समजा ८ सेकंदांचा व्हिडिओ आहे आणि आकडा १२०%, म्हणजे सरासरी ९.६ सेकंद. १०० जणांचे मिळून ९६० सेकंद झाले. त्यातले ४० जण दुसऱ्या सेकंदालाच निघून गेले असतील तर त्यांचे ८० सेकंद. उरलेल्या ६० जणांच्या वाट्याला ८८० सेकंद, म्हणजे प्रत्येकी सुमारे १४.७, जवळजवळ दोन फेऱ्या. इथे व्हिडिओचा गाभा उत्तम आहे, पहिली फ्रेम कच्ची आहे. हे एकट्या १२०% वरून कधीच कळणार नाही. म्हणून किती जण थांबले आणि किती जणांनी स्वाइप केलं, तो आकडा सोबत हवाच.

रिटेन्शनचा आलेख उघडा, म्हणजे व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती टक्के पाहणं झालं ते दाखवणारी रेघ. सुरुवात १५० वर आणि मध्य १०० च्या खाली असेल, तर लोक शेवट आणि सुरुवात जुळते त्या सांध्यावरून नकळत दुसऱ्या फेरीत शिरतात आणि "हे तर पाहिलंय" हे लक्षात येताच सटकतात. रेघ मधेही १०० च्या वर टिकली, तर ते खरं पुन्हा पाहणं. पण आधी स्क्रीनवरचा मजकूर तपासा. ६ सेकंदांत ४० शब्द कोंबले असतील तर लोक पुन्हा बघतात ते वाचून झालं नाही म्हणून. मजकूर अर्ध्यावर आणून, लांबी तीच ठेवून, पुन्हा टाका. आकडा कोसळला तर कारण मजकूर असण्याची शक्यता मोठी.

तारीखही बघा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा चालला की प्रत्येक वेळी व्ह्यू धरला जातो. त्याआधीच्या व्ह्यूजशी ताडायचं तर Engaged views घ्या, ते जुन्याच पद्धतीने मोजलेले असतात. व्ह्यूज मोजके असतील तर थांबा, थोड्याच लोकांच्या फेऱ्यांनी आकडा फुगतो. आणि लांबी लिहिली का, ते परत एकदा बघा.