इंटर्नशिपच्या मध्यावर सरांकडून आढावा कसा मागायचा

समजा चाकणमधल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीच्या क्वालिटी विभागात तुमची जानेवारी ते जून अशी २४ आठवड्यांची इंटर्नशिप आहे. कागदावर मध्य बाराव्या आठवड्यात येतो, म्हणजे मार्चच्या अखेरीस. नेमकं तेव्हाच प्लांटमध्ये मार्चएंडची धावपळ असते, स्टॉक मोजणी चालू असते आणि सरांना चहा घ्यायलाही उसंत नसते. म्हणून आढावा दहाव्या आठवड्यात, १० मार्चच्या आसपास मागावा. ते हुकलं तर एप्रिलचा पहिला आठवडा जाऊ द्या. चाकण-भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवार हा तिथला सोमवार. त्या सकाळी काहीही मागू नका.

विचारण्याआधी एक कागद हातात हवा: इंटर्नशिप संपताना सरांनी भरून द्यायचा कॉलेजचा मूल्यमापन फॉर्म. बहुतेकजण तो जूनमध्ये शोधतात. कॉलेजमधल्या गाइडकडून आत्ताच घ्या आणि एक झेरॉक्स काढा. ‘माझं काम कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘चांगलं चाललंय’ एवढंच उत्तर येतं, कारण समोरच्याला नाही म्हणणं अवघड जातं. तोच फॉर्म समोर ठेवून ‘आज भरायचा असता तर कुठे किती गुण दिले असते?’ असं विचारलं की प्रत्येक रकान्यापाशी थांबावंच लागतं. सोबत तुम्ही केलेल्या कामांची यादी ठेवा, एका पानापेक्षा जास्त नको.

वेळ मागताना मशीनजवळ उभ्या-उभ्या विचारू नका, तिथे उत्तरही उभ्या-उभ्याच मिळतं. दोन-तीन दिवस आधी मेल किंवा मेसेज करा:

‘सर, माझ्या इंटर्नशिपचे १० आठवडे झाले. उरलेल्या १४ आठवड्यांत काय सुधारायचं हे समजून घेण्यासाठी तुमची २० मिनिटं हवी होती. मंगळवारी किंवा बुधवारी जेवणानंतर चालेल का? कॉलेजचा फॉर्म आणि माझ्या कामांची यादी जोडली आहे.’

दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर प्रत्यक्ष भेटून फक्त वार ठरवून घ्या. आठवण करून दिली म्हणून कोणी रागावत नाही.

बैठकीत फॉर्म पेन्सिलीने भरायला सांगा. शाईने लिहिताना हात आखडतो. कमी गुण दिसले की तिथेच थांबा आणि उदाहरण मागा. समजा ‘तांत्रिक काम’ या रकान्यात १० पैकी ६ मिळाले आणि सर म्हणाले, ‘रिपोर्ट सुधार जरा.’ एवढ्यावरून काहीच करता येत नाही. ‘मागच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला स्वतःला काय दुरुस्त करावं लागलं?’ असं विचारा. मग कळतं की रिपोर्टमध्ये ‘५०० तपासले, १४ रिजेक्ट’ इतकंच होतं, आणि त्यातले ९ पीस एकाच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला निघाले, हे सरांना जुनी रजिस्टरं उघडून शोधावं लागलं. शिवाय सकाळची प्रॉडक्शन मीटिंग साडेनऊला असते आणि रिपोर्ट येतो अकराला, तोवर त्याचा उपयोग संपलेला असतो. आता करायचं काय ते स्पष्ट झालं: मशीन आणि शिफ्ट असे दोन रकाने वाढवायचे आणि रिपोर्ट नऊच्या आत द्यायचा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे लगेच कारण सांगणं. ‘सर, डेटाच उशिरा मिळतो,’ असं म्हटलं की सर विषय सोडून देतात आणि पुढचे दोन मुद्दे बाहेर येतच नाहीत. आधी सगळं लिहून घ्या, अडचण शेवटी मांडा, तीही मागणीच्या रूपात: ‘दुसऱ्या शिफ्टचं शीट मला आठ वाजता मिळेल अशी व्यवस्था होईल का?’ याच बैठकीत नोकरीचं विचारू नका. विचारलंत की सर तुमच्या चुका सांगायचं सोडून एचआरच्या भाषेत बोलायला लागतात.

त्याच संध्याकाळी चार-पाच ओळींचा मेल पाठवा: कोणत्या गोष्टी सुधारायच्या, कधीपर्यंत, आणि त्यासाठी तुम्हाला काय लागेल. तीनपेक्षा जास्त गोष्टी घेऊ नका. सहाव्या-सातव्या मुद्द्यापर्यंत कोणीच पोचत नाही. काही चुकीचं ऐकलं असेल तर सर या मेलवरच दुरुस्ती करतील.

सोळाव्या आठवड्यात ताजे तीन रिपोर्ट घेऊन पाच मिनिटं भेटा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा: ‘यात तुम्हाला काही दुरुस्त करावं लागलं का?’ दरम्यान सरांची बदली झाली किंवा विभाग बदलला, तर पेन्सिलीने भरलेला फॉर्म आणि तो मेल पहिल्याच आठवड्यात नव्या सरांना दाखवा. जूनमध्ये सही त्यांची असेल आणि जानेवारी-फेब्रुवारीतलं तुमचं काम त्यांनी पाहिलेलं नसेल.