चिनी वाक्यात आधी विषय शोधा, कर्ता नंतर

मँडरिनमध्ये तीन-चार शब्दांचं एक वाक्य आहे: ‘ची पू छर ल.’ ची म्हणजे कोंबडी, पू म्हणजे नाही, छर म्हणजे खाणं आणि शेवटचा ल सांगतो की आधी होती ती स्थिती आता बदलली. (चिनी उच्चार इथे कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत. रोमन लिपीत जो b लिहितात तो खरं तर आपला प असतो आणि p हा फ, त्यामुळे देवनागरी इथे जास्त जवळची.)

आता हेच मराठीत म्हणून पाहा: ‘कोंबडी खात नाही आता.’ खुराड्यापाशी कुणी म्हणालं तर कोंबडीने दाणे टिपणं सोडलंय. पंगतीत कुणी म्हणालं तर त्या माणसाने कोंबडी सोडली. चिनी वाक्याचेही नेमके हेच दोन अर्थ होतात. इंग्रजीला मात्र अशी मोकळीक नाही. तिथे एक तर ‘द चिकन इजंट ईटिंग एनी मोअर’ लिहावं लागतं, नाही तर ‘आय डोन्ट ईट चिकन एनी मोअर’. खाणारा कोण, हे ठरवल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही.

चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन या भाषाशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये हा फरक मांडला. त्यांच्या मते इंग्रजी वाक्य कर्त्याभोवती बांधलेलं असतं आणि चिनी वाक्य विषयाभोवती. कशाबद्दल बोलायचं ते आधी समोर ठेवायचं आणि मग त्यावर भाष्य करायचं. चिनीत कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम नाही असं नव्हे. ‘वो ह छा’ म्हणजे मी पितो चहा, अगदी इंग्रजीसारखं. अडचण इथेच होते. अशी वाक्यं आधी शिकल्यामुळे पहिलं नाम दिसलं की तोच कर्ता, अशी सवय लागते. चिनीतून इंग्रजीत अनुवाद करताना ती मोडण्यासाठी पुढच्या क्रमाने जावं.

पहिली पायरी: विषयापुढे रेघ मारा

वाक्याच्या सुरुवातीचं नाम घ्या आणि त्याला मराठीत ‘…चं म्हणाल तर’ जोडून पाहा. पुढचं सगळं नीट लागलं तर तो विषय, त्यापुढे उभी रेघ मारा. चिनी लेखनात इथे बऱ्याचदा स्वल्पविराम असतो आणि बोलण्यात ‘न’ किंवा ‘आ’ असा छोटा अव्यय येतो. दोन नामं शेजारी शेजारी आणि मध्ये काहीच नाही, हीसुद्धा एक खूण. ‘वो तूत्स अ ल’ हे शब्दशः ‘मी पोट भुकेलं’ असं होतं. आपण ‘मला’ किंवा ‘माझं’ म्हणून प्रत्यय लावतो आणि नातं उघड करतो, चिनीत विषय कोराच ठेवतात. ते नातं भरून काढणं हेच अनुवादकाचं काम.

दुसरी पायरी: प्रत्येक क्रियापदाला ‘कोणी?’ विचारा

उत्तर वाक्यात नसेल तर पानाच्या समासात लिहा. ‘शिन श्ये हाओ ल’, म्हणजे पत्र लिहून झालं. पत्र स्वतः लिहीत नाही, तरी ‘द लेटर हॅज रिटन’ अशी चूक मी कितीदा तरी पाहिली आहे. चिनी क्रियापद रूप बदलत नाही, म्हणून कर्तरी-कर्मणीचा भेद डोळ्यांना दिसत नाही. लिहिणारा माहीत असेल तर त्याला कर्ता करावं. माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तर ‘द लेटर हॅज बीन रिटन’ हे कर्मणी रूप उत्तम, कारण त्यात पत्र पहिल्या जागी राहतं.

तिसरी पायरी: विषय कुठे बसवायचा ते ठरवा

सगळ्यात अवघड ते विषय, ज्यांचं क्रियापदाशी काहीच नातं नसतं. ‘चअ त्स थिंगत्येन, शिंगहाओ त्येनथी ली मेइ रन.’ या वेळची वीज जाणं, नशीब लिफ्टमध्ये माणूस नव्हता. वीज जाणं इथे कर्ता नाही, कर्मही नाही. ती फक्त चौकट आहे. इंग्रजीत अशी चौकट ‘व्हेन’च्या पोटवाक्यात घालावी: ‘लकिली देअर वॉज नोबडी इन द लिफ्ट व्हेन द पॉवर वेंट.’ ‘ॲज फॉर द पॉवर कट’ असं लिहायचा मोह टाळा. इंग्रजी वाचकाला त्यातून ‘बाकीच्यांचं वेगळं, याचं वेगळं’ अशी तुलना ऐकू येते, जी मुळात नसते.

आणखी एक बारकावा. विषय बहुधा ऐकणाऱ्याला ठाऊक असलेला असतो. ‘खअरन लाय ल’ म्हणजे ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे आले, म्हणून ‘द गेस्ट्स’. ‘लाय खअरन ल’ म्हणजे कुणीतरी पाहुणे आले, म्हणून ‘वी हॅव गेस्ट्स’. चिनीत आर्टिकल नाही, पण नामाची जागा ते काम करते.

चौथी पायरी: साखळी तोडा

खरी परीक्षा लांब वाक्यात होते. घराबद्दलचं हे बोलणं घ्या:

‘ना थाओ फांग्त्स, खअथिंग ता, क्वांगश्येन हाओ, ली तीथिए चान ये चिन, छ्यूनियेन खान कुओ ई त्स, श्येन क्वेइ, मेइ त्सू, चिननियेन च्यांगच्या ल, ईचिंग त्सू छूछ्यू ल.’

ते घर, दिवाणखाना मोठा, उजेड चांगला, मेट्रो स्टेशनपासूनही जवळ, गेल्या वर्षी एकदा पाहिलं, महाग वाटलं, घेतलं नाही, यंदा भाडं उतरलं, दिलंही गेलं.

एक विषय, एकच पूर्णविराम. ‘कोणी?’ विचारत गेलं की उत्तरं बदलत जातात. जवळ आहे ते घर. पाहिलं, महाग वाटलं, घेतलं नाही, ते आम्ही. भाड्याने दिलं ते मालकाने. ‘त्सू’ हा शब्द तर फसवाच आहे, कारण भाड्याने घेणं आणि देणं दोन्हींना तोच चालतो. शेवटी ‘छूछ्यू’, म्हणजे ‘बाहेर जाणं’, जोडलं आहे, म्हणून ते देणं. ‘मेइ त्सू’ला तसं काही नाही, तिथे आधीच्या ‘महाग वाटलं’वरूनच घेणाऱ्याची बाजू कळते.

जिथे समासातला कर्ता बदलतो तिथे इंग्रजी वाक्य तोडावं: ‘द फ्लॅट हॅड अ बिग लिव्हिंग रूम अँड गुड लाइट, अँड इट वॉज क्लोज टु द मेट्रो. वी सॉ इट लास्ट इयर, थॉट इट टू एक्स्पेन्सिव्ह अँड डिडंट टेक इट. धिस इयर द रेंट केम डाउन, अँड इट हॅज ऑलरेडी बीन लेट.’ दिवाणखाना घराचा भाग, म्हणून तिथे ‘हॅड’. शेवटी कर्मणी, कारण मालक एकदाही नावाने आलेला नाही आणि बोलणं अजून घराबद्दलच आहे.

‘वी’ की ‘आय’, हे मात्र या वाक्यातून कळायला काहीच मार्ग नाही. त्यासाठी आधीचा परिच्छेद वाचावा, आणि तिथेही नसेल तर लेखकाला विचारावं.