या चुका टाळा: यूपीआयने पैसे भलत्याच नंबरवर गेले तर

मागच्या उन्हाळ्यात पाण्याची मोटर जळाली, प्लंबरने दुरुस्त करून दिली आणि फोनवर नंबर सांगितला, त्यात शेवटी होतं "एकोणसाठ". मी साठ ऐकलं, डोक्यात सहा बसला आणि टाइप केलं ६९. एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ आपल्याकडे शाळेपासून चालत आलाय, पण यावेळी तो ४,२०० रुपयांना पडला.

खरी चूक मात्र नंबरची नव्हतीच. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर एका बाईंचं नाव आलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. मनात म्हटलं, बायकोचं खातं असेल त्याच्या. झालं!

यूपीआयमध्ये मोबाईल नंबर म्हणजे फक्त खात्याचा पत्ता असतो. तुम्ही नंबर टाकता, सिस्टीम त्या नंबरला जोडलेलं खातं शोधते आणि बँकेत नोंदवलेलं नाव दाखवते, मग पिन टाकला की तुमची बँक पैसे वजा करते आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेतून समोरच्या बँकेत ते काही सेकंदांत जमा होतात. हे सगळं होताना "हा प्लंबर आहे का" असं कोणीच तपासत नाही, ते काम त्या नावावर नजर टाकणाऱ्या माणसाचं. म्हणून फोनमध्ये जुना सेव्ह केलेला नंबरही डोळे झाकून वापरू नका, बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. नाव जुळत नसेल तर फोन करून विचारा, नाहीतर आधी १ रुपया पाठवून "आला का" विचारा.

पैसे गेल्यावर पहिली चूक म्हणजे "फेल झालं असेल, उद्या येतील परत" म्हणून बसून राहणं. तुमच्या खात्यातून कटले पण समोर जमाच झाले नाहीत, तर ते फेल ट्रान्झॅक्शन, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे असतात. पण स्क्रीनवर हिरवी टिकमार्क आली असेल तर सिस्टीमच्या दृष्टीने व्यवहार बरोबर झालाय आणि तो नियम इथे लागत नाही. पिन तुम्हीच टाकलाय ना, त्यामुळे बँक समोरच्याला न विचारता त्याच्या खात्यातून काढून देऊ शकत नाही.

दुसरी चूक त्याहून महागात पडते. घाबरून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायचा आणि पहिला दिसेल तो लावायचा, तिकडे फसवणारे वाटच बघत असतात. स्क्रीन शेअर करा म्हणतील, रिफंडसाठी पिन टाका म्हणतील. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

मी काय केलं ते सांगतो. ॲपच्या हिस्टरीत तो व्यवहार उघडून १२ आकडी यूटीआर नंबर कॉपी केला, स्क्रीनशॉट काढला, मग तिथल्याच हेल्पमधून चुकीच्या खात्यात पैसे गेल्याची तक्रार टाकली. त्याच दिवशी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला, त्यात तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर, बरोबर नंबर कोणता आणि गेला कोणता, एवढंच. अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून घेतला (हे विसरू नका, पुढे तोच पुरावा). यावर आपली बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ती बँक तिच्या ग्राहकाची संमती मागते. नाव-पत्ता आपल्याला देत नाहीत, त्यासाठी काउंटरवर भांडण्यात अर्थ नाही.

त्या बाईंना मी सरळ फोनही केला, अर्थात आधी त्यांनी कट केला, आजकाल कोण विश्वास ठेवेल. तेव्हा मेसेज केला, "ताई, माझ्या चुकीने आलेत, तुम्ही मला काही पाठवू नका, बँकेतून फोन येईल त्यांना हो म्हणा." हे मुद्दाम, कारण "चुकून आले, परत पाठवा" हा फसवणुकीचाही जुना डाव आहे, आणि असा फोन तुम्हाला आला तर मेसेज सोडून आधी खात्याचं स्टेटमेंट बघा, पैसे खरंच आलेत का ते.

समोरचा नाहीच म्हणाला तर? एनपीसीआयच्या npci.org.in साइटवर यूपीआयच्या तक्रारीसाठी फॉर्म आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, cms.rbi.org.in वर, पण तो बँकेच्या हलगर्जीपणाची तक्रार घेतो, आपल्या बोटाच्या चुकीची नाही. उरतं पोलीस आणि कोर्ट. चुकून मिळालेले पैसे परत करायची जबाबदारी करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे आणि बेइमानीने ठेवून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये गुन्हा आहे, तरी ४,२०० साठी कोर्टात कोण जाणार हाही प्रश्न आहेच. १९३० या नंबरची हेल्पलाइन मात्र फसवणुकीसाठी आहे, चुकीच्या आकड्यासाठी नाही.

ताईंनी बँकेला हो म्हटलं, पैसे अकराव्या दिवशी आले. प्लंबरला तेवढ्यात रोख देऊन टाकले होते. आता तो नंबर सांगताना "पाच नऊ" म्हणतो.