आजी पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारते तेव्हा

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेव्हा आवाज पोहोचतो, पण शब्द नीट उमटत नाहीत, आणि तेच वाक्य मोठ्याने ओरडून सांगितल्यास ते कानाला टोचते, मात्र कळत नाही. उतारवयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. स्वर ऐकू येतात, पण स, श, त, थ यांसारखी व्यंजने निसटतात. त्यामुळे ‘खानापूरची बस सहाला आहे’ हे आजीला ‘दहाला’ असे ऐकू येऊ शकते.

अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे:

१. आधी टीव्ही किंवा मिक्सर बंद करावा.
२. हातभर अंतरावर, तोंडावर उजेड पडेल असे समोर बसून, ‘आजी’ अशी हाक मारावी आणि तिने पाहिल्यावरच बोलावे.
३. आवाज न चढवता जरा सावकाश बोलावे.
४. कळले नाही तर तेच वाक्य न उगाळता शब्द बदलावेत: ‘बस संध्याकाळची आहे, पाच वाजून गेल्यावर एका तासाने.’ नंतर ‘मग बस किती वाजता?’ असे तिलाच विचारावे, कारण संकोचाने नुसती मान डोलावणारी वडीलधारी माणसे पुष्कळ असतात. बेळगावच्या बाजारासारख्या गोंगाटात मात्र वेळ किंवा रक्कम कागदावर लिहून देणे उत्तम.

कानात मळ साचला आहे का, हे डॉक्टरांकडून एकदा पाहून घ्यावे. एकाच कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर मात्र ते वयाचे समजू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे, कारण त्यावरील उपचार उशिरा लागू पडत नाहीत.