डिझेलचं नरसाळं आणि हरवलेला r

बारावीला अवकलनाच्या उपयोजनात शंकूच्या टाकीचं गणित येतं. टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची टाकी, वरून ठरावीक वेगाने पडणारं पाणी, आणि प्रश्न असा की पाणी अमुक उंचीवर असताना पातळी किती वेगाने वर चढते आहे. चाचणीत माझं हे गणित चुकलं. सरांनी उत्तराखाली लाल शाईने एवढंच लिहिलं होतं, 'r कुठे गेला?' आता मी दापोलीत बारावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि दर वर्षी तीच चूक तशीच्या तशी माझ्यासमोर येते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर हर्णैजवळ. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि काकांचं डिझेल भरायचं पत्र्याचं मोठं नरसाळं पडवीत खुंटीला लटकत असतं. चाचणीचा पेपर हातात पडला त्या आठवड्यात मी ते घासूनपुसून घेतलं, खालच्या नळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून सुतळीने करकचून बांधला आणि न्हाणीतल्या नळाखाली विटांवर सरळ उभं केलं. नळ बेताचा सोडला. त्याखाली लिटरची बाटली भरायला ५० सेकंद लागली, म्हणजे सेकंदाला २० घन सेंटिमीटर पाणी. नळाला त्यानंतर हात लावला नाही.

काका बघत उभे होते. म्हणाले, "काय गो, ह्यात मोजायचं काय? तळ झपकन भरतो नि मग वर रेंगाळतं. डिझेल ओतताना रोज बघतो मी." गणित नेमकं हेच आहे. किती झपकन आणि किती रेंगाळत, एवढंच काढायचं.

आधी कागदावर. तोंडाची त्रिज्या १२ सेंमी आणि टोकापासून उंची १८ सेंमी असा शंकू घ्या. पाण्याची उंची h आणि पृष्ठभागाची त्रिज्या r. घनफळाच्या सूत्रात दोन्ही येतात, आणि पाणी चढतं तशा दोन्ही बदलतात. समरूप त्रिकोणांवरून r/h = 12/18, म्हणून r = 2h/3. हे सूत्रात घातलं की एकच चल उरतो:

```
V = (1/3)πr²h = 4πh³/27
dV/dt = (4πh²/9) · dh/dt
```

कंसातली राशी नीट बघा. 4πh²/9 म्हणजेच πr², त्या क्षणीच्या पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. म्हणजे सेकंदाला येणारं पाणी भागिले पृष्ठभाग, की पातळीचा वेग मिळाला. h = 6 असताना पृष्ठभाग १६π, साधारण ५०.३ चौरस सेंमी, म्हणून वेग सेकंदाला ०.४० सेंमी. h = 12 ला पृष्ठभाग चौपट होतो आणि वेग ०.१० वर येतो. काठाशी तो जेमतेम ०.०४ उरतो. अख्खं नरसाळं भरायला १३६ सेकंद लागतात, पण त्यातली अर्धी उंची पहिल्या १७ सेकंदांतच गाठली जाते, कारण अर्ध्या उंचीपर्यंतचं घनफळ एक अष्टमांशच असतं.

आता माझी चूक. मी h = 6 ला r = 4 काढला, तो आधीच सूत्रात घातला आणि V = (16π/3)h असं लिहून डिफरन्शिएट केलं. उत्तर आलं सेकंदाला १.१९ सेंमी. बरोबर उत्तराच्या तिप्पट. ही तिप्पट योगायोगाने येत नाही. r ला बदलू दिलं तर गुणाकाराच्या नियमाने दोन पदं मिळतात:

```
dV/dt = (π/3) · (2rh · dr/dt + r² · dh/dt)
```

r = 2h/3 असल्यामुळे पहिलं पद 2r² · dh/dt होतं आणि दुसरं r² · dh/dt. म्हणजे तीन वाट्यांपैकी दोन वाटे पाणी शंकू रुंदावतो म्हणून मावतं, आणि r गोठवला की तेच दोन वाटे हरवतात. चूक ओळखायची खूणही यातच आहे. आलेल्या वेगाला पृष्ठभागाने गुणून बघा: ५०.३ गुणिले १.१९ म्हणजे सेकंदाला ६० घन सेंटिमीटर. नळ तर २०च देतोय! मुलांना मी हा पडताळा उत्तराखाली लिहायलाच लावते. पंधरा सेकंदांचं काम आहे. आकडा कधी घालायचा, तर डिफरन्शिएट करून झाल्यावर, त्याआधी नाही.

प्रत्यक्ष मोजताना मात्र मला आणखी एक धक्का बसला. पट्टी मध्यभागी उभी धरली (भिंतीला टेकवली तर ती तिरकस लांबी दाखवते) आणि मोबाइलवर व्हिडिओ घेतला. नळी जिथे शंकूला मिळते तिथे मी शून्य धरलं होतं. तिथून काठापर्यंत १६.५ सेंमी भरले, म्हणून मी r = 12h/16.5 घेतलं. पट्टीवर ४.५ ला वेग ०.५९ यायला हवा होता. व्हिडिओत ४ पासून ५ पर्यंत चढायला अडीच सेकंद लागले, म्हणजे वेग ०.४०. नळ पुन्हा मोजला, तो बरोबर होता.

चूक होती शून्यात. नरसाळ्याला टोक नसतंच, ते नळीत कापलेलं असतं. नळीची त्रिज्या १ सेंमी, आणि भिंतीचा उतार खाली वाढवत नेला तर खरं टोक आणखी १.५ सेंमी खाली, नळीच्या आत पडतं. पट्टीवरचे ४.५ म्हणजे शंकूच्या हिशोबाने ६. उंची १८ धरायची, ती याच टोकापासून. हे घातल्यावर कागद आणि व्हिडिओ जुळले. पुस्तकातल्या टाकीला टोक असतं म्हणून हा प्रश्न तिथे येत नाही. पण तळाशी नळ बसवलेली टाकी दिली असेल तर h कुठून मोजलाय हे आधी विचारा. सूत्र h = 0 ला वेग अनंत सांगतं तेही याच कल्पित टोकाशी. खऱ्या नरसाळ्यात पाणी तिथे नळीत असतं, तिची रुंदी बदलत नाही, आणि हे सूत्र तिथे लागूच होत नाही.

तिसऱ्या वेळी भरताना सुतळीची गाठ सैल झाली, ते मला आकड्यांवरून कळलं. पट्टीवर ९.५ पासून १०.५, म्हणजे खऱ्या उंचीने ११ पासून १२, यासाठी १८५ घन सेंटिमीटर पाणी लागतं आणि ते सव्वानऊ सेकंदांत यायला हवं. लागले साडेदहा. १८५ भागिले साडेदहा म्हणजे सेकंदाला १७.६, तेव्हा राहिलेले २.४ कुठेतरी जात होते. dV/dt च्या जागी नुसता नळ धरून चालत नाही, येणारं वजा जाणारं धरावं लागतं. मी नळीखाली वाटी धरली. ट्यूबच्या दुमडीतून बारीक धार लागली होती, आणि काका सुतळीचा नवा गुंडा आणायला आत गेले होते.